ठेवली की उठते

आमच्या मुलीच्या झोपेबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती. ती झोपायची चांगली. खांद्यावर, मांडीवर, पसरलेल्या पायांवर, कुणाच्याही अंगाला अंग लागलेलं असलं की ती निवांत झोपायची. तक्रार ठेवण्याबद्दल होती. कॉटवर ठेवली की उठायची. हळू ठेवली तरी उठायची, श्वास रोखून ठेवली तरी उठायची. शेवटी आम्ही ठेवणंच सोडून दिलं होतं. कुणीतरी एक जण तिच्याखाली असायचा आणि दुसरा घरातलं बाकी सगळं करायचा.

यात दोष असलाच तर माझ्या आईच्या मायेचा. बाळंतपणासाठी ती गावाहून दिल्लीतल्या द्वारकेला आमच्याकडे येऊन राहिली होती. रोज सकाळी पाटावर बसून पाय पसरायची, पायांवर मुलीला आडवी घेऊन तेल लावायची, न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, आणि मग घट्ट गुंडाळून त्याच पायांवर झोपवायची. पावलं डावी-उजवीकडे हलवत राहायची. मुलगी झोपली तरी आई उठायची नाही. "ठेवायची कशाला? मला कुठं ऑफिसला जायचंय," म्हणायची. खरंच होतं. पण दोन महिन्यांनी आई परत गेली आणि पाय आमच्याकडे राहिले ते माझे आणि बायकोचे. आम्हा दोघांनाही ऑफिसला जायचं होतं.

मी तेव्हा मानेसरला गाड्यांचे रबरी भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. बायको नेहरू प्लेसमधल्या एका लहानशा कंपनीत अकाउंट्स बघायची. ही नोकरी तिला सहजासहजी मिळाली नव्हती. लग्नानंतर दिल्लीत आल्यावर कितीतरी महिने ती मुलाखती देत हिंडली होती. रजा तीन महिन्यांची होती आणि ती संपत आली होती. तिच्या आधी तिथल्या एका बाईने बाळंतपणाची रजा वाढवून मागितली, तर तिच्या खुर्चीवर नवा मुलगा येऊन बसला होता. बायको हे मला दोनदा सांगून चुकली होती. तिसऱ्यांदा सांगावं लागू नये असं तिच्या आवाजात होतं.

मी दुपारची, म्हणजे बी शिफ्ट मागून घेतली. म्हणजे सकाळ माझी. बायको आठला निघणार, दुपारी मी निघेपर्यंत मुलगी माझ्याकडे, आणि माझी कंपनीची बस आली की संध्याकाळी बायको परतेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या आंटींकडे. या आंटी पानिपतच्या. मुलं परदेशी गेल्यावर आपल्या मोकळ्या फ्लॅटमध्ये त्यांनी पाळणाघर काढलं होतं. आमची सोसायटी नवी होती, निम्मे फ्लॅट रिकामे, रस्ते अर्धवट, पाण्याचा टँकर आला की सगळे बादल्या घेऊन धावायचे. शेजारपाजार असा तयारच झाला नव्हता. त्यामुळे आंटी 'नाही' म्हणाल्या असत्या तर दुसरीकडे जाण्यासारखं कुणी नव्हतं.

आंटी नाही म्हणाल्या नाहीत. पण त्यांची एक अट होती.

"देखो बेटा, मेरे पास पाँच बच्चे हैं और घुटने दो, वो भी ख़राब," त्या म्हणाल्या. "दोपहर को सब सोते हैं, अपनी-अपनी खाट पे. गोद की आदत वाला बच्चा मैं नहीं लेती. एक को गोद में लिया तो बाकी पाँच को कौन देखेगा?"

"कॉटवर झोपते ती," बायको पटकन बोलून गेली. मग सावरून हिंदीत म्हणाली, "सो जाती है, आंटीजी. थोड़ा टाइम लगता है."

आंटींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ठीक है. सोमवार से शनिवार. हफ़्ता देख लेते हैं. सो गई तो मेरी बेटी, नहीं सोई तो तुम्हारी."

घरी येताना जिन्यात मी बायकोला म्हणालो, "खोटं कशाला बोललीस?"

"खोटं नाही बोलले. सोमवारपर्यंत खरं करायचंय."

करायचं मलाच होतं. दुपारी तिथे ठेवायला जाणारा मी होतो.

सोमवारी मी सगळं ठरवल्याप्रमाणे केलं. दूध दिलं, ढेकर काढली, लंगोट बदलला, आईसारखे पाय पसरून भिंतीला टेकून बसलो आणि पावलं हलवत राहिलो. आईचं जे गाणं आठवत होतं त्याची दोन कडवी फिरवून फिरवून म्हटली. मुलीचे डोळे मिटले. घड्याळात बघितलं तर बसला थोडा वेळ होता. तिला खांद्यावर घेऊन मी जिना उतरलो. आंटींनी दार लोटूनच ठेवलं होतं. आतल्या खोलीत पडदे ओढलेले, मुलं पसरलेली, कोपऱ्यात कठड्याची एक कॉट रिकामी. त्यावर पानिपतची हातमागाची निळी चादर. मी वाकलो आणि मुलीला खाली सोडलं.

तिचं डोकं मागे गेलं आणि दोन्ही हात एकदम हवेत उघडले. उंचावरून पडताना माणूस आधाराला काही धरायला बघतो तसे. मग डोळे, मग तोंड. अशी किंचाळली की शेजारच्या खाटेवरचा दोन वर्षांचा मुलगाही उठून बसला आणि काही कारण नसताना रडायला लागला.

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"जाओ, जाओ," आंटी म्हणाल्या. "बस छूट जाएगी. रोने दो, थक के सो जाएगी."

मी गेलो. जिन्यात आवाज येत होता, फाटकापाशी आवाज येत होता. मी वेग कमी केला नाही, उलट वाढवला, आवाज मागे पडावा म्हणून. आणि एक गोष्ट मला आजही कुणाला सांगवत नाही. बसमध्ये खिडकीशी बसलो आणि महिपालपूर यायच्या आधीच मी गाढ झोपलो. रात्री बाराला घरी यायचं, मुलीने पहाटे उठवायचं, त्यामुळे मला कुठेही झोप यायची. पण ती तिथे रडत होती आणि मी झोपलो.

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही तेच. मी वेगवेगळ्या गोष्टींना दोष देत होतो. एकदा वाटलं चादर खरखरीत आहे. म्हणून घरातलं बायकोच्या जुन्या साडीचं दुपटं नेलं. एकदा वाटलं खाली उतरताना जिन्यात हिसका बसतो. म्हणून एकेक पायरी म्हाताऱ्यासारखी उतरलो. आंटींनी कॉटवर मोहरी भरलेली राईची उशी ठेवली होती, ती टोचत असेल म्हणून आणि डॉक्टरनेही उशी नको सांगितलं होतं म्हणून काढून टाकली. काही फरक नाही. ठेवली की उठते. आंटींच्या खोलीतली सगळी मुलं आता आमच्या मुलीच्या वेळेला उठायला लागली होती.

"तुम मराठे," आंटी त्या दिवशी म्हणाल्या, पण हसल्या नाहीत, "पानिपत में पहले भी हार के गए हो. मुझसे न लड़ो, बेटा. बच्ची अच्छी है. पर मेरे बस की नहीं लगती."

मी हसण्याचा प्रयत्न केला. पाठीमागे मुलगी रडत होती, तेव्हा तो प्रयत्नच राहिला.

त्याच दुपारी आंटींनी बायकोच्या ऑफिसात फोन केला. महिनाअखेर होती, बायको हिशेब जुळवत बसलेली. फोन तिच्या साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी रिसीव्हर तिच्याकडे दिला आणि ती बोलत असताना कागद वाचण्याचं नाटक करत ऐकत राहिले. ती फोन ठेवून उभी राहिली तेव्हा म्हणाले, "मॅडम, पहले घर देख लीजिए." शब्द साधेच. ती रिक्षा करून घरी आली. मी रात्री परतलो तेव्हा मुलगी तिच्या खांद्यावर होती आणि दिवा न लावता ती बाल्कनीत येरझाऱ्या घालत होती.

"शनिवारी आंटी नाही म्हणाल्या तर सोमवारी मी राजीनामा देते," ती म्हणाली. चिडून नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"अजून तीन दिवस आहेत."

"तू काय वेगळं करणार आहेस तीन दिवसांत?"

मी म्हटलं, "मी रजा टाकतो." ती म्हणाली, "किती टाकशील?" आणि मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मला ते दिसत होतं. तरी मी 'दे माझ्याकडे' म्हणालो नाही. मला बसायचं होतं फक्त. कुठेही टेकून बसायचं होतं.

गुरुवारी सकाळी ट्रकवाल्यांनी हायवेवर चक्का जाम केला. माझ्याच बसने जाणाऱ्या एकाचा शेजाऱ्यांकडे फोन आला की बस धौलाकुआँच्या पुढे अडकलीय, कधी येईल सांगता येत नाही. मी तरी मुलीला घेऊन वेळेवर खाली गेलो. पण घाई राहिली नव्हती. ती अजून जागीच होती. आंटींची मुलं जेवत होती. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकलो, पाय पसरले, मुलीला त्यावर घेतलं.

आंटी दारातून डोकावल्या. "ये क्या आसन है?"

"हमारे यहाँ ऐसे ही सुलाते हैं."

"मर्द भी?"

"मर्द की माँ वापस चली गई है."

या वेळी त्या हसल्या आणि मुलांना भरवायला गेल्या.

मुलीचे डोळे मिटले. रोजच्या सवयीने मी तिला उचलायला हात पुढे केले. मग आठवलं की बस नाहीये. उचलण्याचं काही कारण नव्हतं. कंटाळा तर इतका होता की हात मागे घेणं सोपं गेलं. मी तसाच बसून राहिलो आणि पहिल्यांदाच, तीन महिन्यांत पहिल्यांदा, झोपल्यानंतर ती काय करते ते पाहिलं.

ती झोपलेली नव्हतीच म्हणायची. मिटलेल्या पापण्यांच्या आत बुबुळं इकडून तिकडे फिरत होती. श्वास भरभर, मग थांबून, मग एक खोल उसासा. ओठ दूध प्यायल्यासारखे हलायचे. एकदा हसली, लगेच कपाळाला आठ्या पाडल्या. पाय झटकला. मूठ घट्ट. दाराची कडी वाजली तर सगळं अंग दचकलं. आम्ही हिलाच झोप समजत होतो. अशा अवस्थेत मी तिला रोज उचलून, जिना उतरवून, हवेतून खाली सोडत होतो.

मी पाय हलवत राहिलो. मग हलवणं कमी केलं. मग थांबवलं. किती वेळ गेला ते मी बघितलं नाही, बाहेर मुलांची ताटं उचलून धुवून झाली होती एवढं आठवतं. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरची धावपळ थांबली. पापण्या स्थिर झाल्या. श्वास एकसारखा झाला, मोजून घ्यावा तसा. मूठ आपोआप उघडली. मी तिचा हात बोटाने जरासा उचलून सोडला. तो ओल्या फडक्यासारखा पडला आणि तिला पत्ताही लागला नाही.

मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली, आणि तीही कारखान्याची. आमच्याकडे रबर साच्यात घालून गरम प्रेसच्या दाबाखाली ठेवतात. ठरलेला वेळ होईपर्यंत साचा उघडायचा नाही. वरून भाग तयार दिसतो, पण आत रबर कच्चंच असतं, आणि उत्पादनाचा आकडा गाठायला कुणी साचा लवकर उघडला की भाग फुगतो, फाटतो. अशा भागांवर लाल खूण करून ते बाद करणं हेच माझं काम होतं. प्रेसवरच्या पोरांना मी किती वेळा सुनावलं होतं, की बाहेरून बघू नका, आत झालंय का बघा. आणि घरी मी बसच्या हॉर्नवर साचा उघडत होतो.

मग मी तिला उचललं. एक तळहात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली, आणि आधी छातीशी. उचलल्यावर ती थोडी हलली, म्हणून छातीशी धरूनच पुन्हा तिचा श्वास सरळ होईपर्यंत उभा राहिलो. मग कॉटवर वाकलो, तिचं अंग माझ्या अंगाला लागलेलंच ठेवून. आधी कुल्ले टेकवले, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. माझी कंबर कठड्यावर अशी मोडली की डोळ्यांत पाणी आलं. खालचा हात आधी काढला, मानेखालचा मग. एक तळहात तिच्या छातीवर ठेवून वाट बघितली. त्या हाताचं वजन थोडं थोडं कमी करत गेलो आणि शेवटी काढून घेतला.

ती उताणी झोपून राहिली.

आंटी दारात उभ्या होत्या. मला अजून खात्री वाटत नव्हती. बस आली तेव्हा मुलगी झोपलेलीच होती. पण त्या रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आज बस उशिरा होती. उद्या?"

तिचा प्रश्न बरोबर होता. शुक्रवारी मी सगळं लवकर सुरू केलं. जागी असतानाच तिला खाली घेऊन गेलो, म्हणजे जिन्याचा प्रश्नच मिटला. पण बाळाची झोप काही माझ्या वेळेवर थोडीच सुरू होते. त्या दिवशी ती खूप वेळ छताचा पंखाच बघत बसली आणि डोळे मिटले तोवर बस यायची वेळ झाली. बुबुळं अजून फिरत होती. मला दिसत होतं. तरी मी उचललं. ठेवली, उठली. जे आदल्या दिवशी समजलं होतं ते समजून उमजून मी मोडलं. बसमध्ये त्या दिवशी मात्र मला झोप आली नाही.

शनिवारी शेवटची संधी. बायकोला शनिवारी अर्धा दिवस असायचा, पण महिनाअखेरीचं काम उरलं होतं. निघताना तिने मुलीच्या कपाळाला ओठ लावले आणि मला म्हणाली, "जमेल तेवढं कर." मला त्यात 'जमणार नाही' असं ऐकू आलं.

मी खाली गेलो. पाय पसरले. पानं सळसळत होती बाहेर, ऊन कडक, आणि मी पावलं हलवायला लागलो तोच लाईट गेली. पंखा थांबला. पाचही मुलं कुरकुरायला लागली. आंटी हातपंखा घेऊन मधोमध बसल्या आणि सगळ्यांवर आळीपाळीने वारा घालू लागल्या. खाली भाजीवाला 'गोभी, पालक' ओरडत होता. तो दोन वर्षांचा मुलगा येऊन माझ्या मांडीशी उभा राहिला आणि मुलीच्या गालाला बोट लावून बघायला लागला.

"ओए, हट," आंटी कुजबुजल्या. "अंकल पूजा कर रहे हैं."

मुलीला घाम आला होता. मी तिचं दुपटं सैल केलं, फुंकर घातली नाही, फुंकरीने दचकेल म्हणून. शेवटी डोळे मिटले. ओठ हलले, पाय झटकला, उसासा. मला माहीत होतं आता काय चाललंय, आणि माहीत असल्यामुळे वाट बघणं आणखी जड जात होतं. माझे गुडघ्याखालचे पाय झोपी गेले होते, तिच्या आधी.

हॉर्न वाजला.

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीकडे पाहिलं. मूठ बंद होती.

हॉर्न पुन्हा वाजला, लांबट. ड्रायव्हर मला ओळखायचा, थोडा वेळ थांबायचा. त्या महिन्यात मी आधीच दोनदा उशीर केला होता आणि शिफ्टचा इनचार्ज मला सगळ्यांसमोर बोलला होता. तिसऱ्यांदा झालं असतं तर बी शिफ्ट काढून घेतली असती. मग सकाळही गेली असती. हे सगळं डोक्यात होतं. आणि मुलीच्या पापण्यांखाली बुबुळं अजून फिरत होती.

बस गेली. वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला.

"गई तुम्हारी बस," आंटी हळूच म्हणाल्या.

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी हातपंखा आमच्याकडे वळवला.

मग घाई कसलीच राहिली नाही. तिचा श्वास सरळ झाला, मूठ सुटली, मी हात उचलून सोडला, तो पडला. मी उठायला गेलो तर पायांत जीवच नाही. तिला छातीशी धरून भिंतीला पाठ घासत कसाबसा उभा राहिलो, मुंग्या जाईपर्यंत तसाच थांबलो. कॉटवरच्या चादरीवर तळहात ठेवून ती जरा कोमट केली. वाकलो. कुल्ले, पाठ, डोकं. हात काढले. ती जरा कण्हली, आणि छातीवरच्या माझ्या तळहाताखाली पुन्हा शांत झाली.

लाईट नसताना, भाजीवाला ओरडत असताना ती झोपून राहिली. मी दाराबाहेर आलो तेव्हा आंटी माझ्यामागे आल्या.

"सोमवार को ले आना," त्या म्हणाल्या. "पर सुलाना यहीं बैठ के. मेरे घुटने नहीं, तुम्हारे."

"और बस?"

"वो तुम्हारी बस वाले से पूछो, मुझसे क्या पूछते हो."

मी फाटकाबाहेरून शेअर जीप धरून गुडगावपर्यंत आणि तिथून दुसरी बदलून मानेसरला गेलो. बोलणी खाल्ली. नंतर शिफ्ट सुटल्यावर थांबून काम भरून द्यायचं कबूल करून मी रोजचा उशीर मंजूर करून घेतला. बस सोडून दिली. पुढचे सहा-सात महिने मी जीपच्या मागच्या बाकावर तिघांच्या जागेत चौथा बसून प्रवास केला. बायकोची नोकरी राहिली.

मी यात बरा दिसतोय, पण तसं काही नव्हतं. पुढे पुढे मला ते इतकं छान जमायला लागलं, की मुलीला ठेवून मी निघून जायचो आणि तिला कळायचंही नाही. आंटींनी एकदा सहज सांगितलं, "उठ के चारों तरफ़ देखती है. रोती नहीं. थोड़ी देर ढूँढती है, फिर मान जाती है." त्यांनी कौतुकाने सांगितलं. मला ते वाक्य अजून गिळता आलेलं नाही. ती माझ्या पायांवर झोपायची आणि दुसऱ्याच कुणासमोर जागी व्हायची. एवढे महिने तिच्या एकाही दुपारच्या उठण्याला मी हजर नव्हतो, आणि माझं सगळं कसब तिला हे कळू नये यात खर्च होत होतं.

पण त्या शनिवारी रात्री मला एवढंच वाटत होतं की सुटलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "शिकव मला."

दुसऱ्या दिवशी रविवार. तिने कुकर लावला आणि मुलीला घेऊन पलंगावर बसली. मुलगी झोपली. मी बाजूला बसून कुजबुजत सांगत होतो, "थांब. अजून नाही. बुबुळं बघ." ती थांबली. मग एकदम उचललं तिने, माझ्या मते जरा आधी, आणि आमच्या कॉटवर ठेवलं. मुलीचे दोन्ही हात उघडले. उठली.

"सोपंय गं," मी म्हणालो. थकव्यात माणूस काय बोलतो त्याला धरबंध नसतो. "थांबायचं फक्त."

"थांबायला वेळ कुठाय मला?" ती म्हणाली. मुलीला उचलून घेतलं. "आठला निघते, सातला येते. आल्यावर पोळ्या. हिला झोपवायचं कधी? तुझ्याकडे झोपते, आंटींकडे झोपते. मी ठेवलं की उठते."

मी तिला सांगू शकलो असतो की ते वेळेचं आहे, माणसाचं नाही. तेच खरं होतं. पण ती रडत होती, मुलगी दचकू नये म्हणून अजिबात आवाज न करता, खांदे न हलवता, आणि मला शहाणपण सांगायचा धीर झाला नाही.

ती पाय पसरून बसली. मुलगी पुन्हा झोपली. पापण्यांखालची बुबुळं फिरायची थांबली, श्वास सरळ झाला, हात पलंगावर लोंबला. ठेवायची वेळ झाली होती. दोघांनाही दिसत होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. सोमवारी पुन्हा तिची सवय मोडावी लागेल, आंटी बोलतील, हे सगळं आम्हाला माहीत होतं.

स्वयंपाकघरात कुकर फुसफुसायला लागला. शिट्टी होणार होती. मी अनवाणी पळालो आणि गॅस बंद केला. परत येऊन बायकोच्या पाठीमागे उशी लावली, कारण तिला आता बराच वेळ तसंच बसावं लागणार होतं. दुपारी जेवताना डाळ कच्चीच निघाली. आम्ही तीच खाल्ली, आळीपाळीने, कारण एकाचे पाय अडकलेले होते.